नाव न घेता वस्तू सांगणारी कविता: कोड्याच्या परंपरेची पार्श्वभूमी

वस्तूचं नाव लपवून तिचं वर्णन करायचं, आणि उत्तर कळताच ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘अरे हो की!’ निघालं पाहिजे. आपल्याकडे ही रचना फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं 164वं सूक्त कूटप्रश्नांनी भरलेलं आहे. त्यातल्या एका ऋचेत एक चाक येतं: बारा धावा, तीन नाभी आणि 360 खुंट्या असलेलं. उत्तर आहे वर्ष. बारा म्हणजे महिने, तीन म्हणजे ऋतू, 360 म्हणजे दिवस. रोजच्या वापरातलं चाक पुढे करून त्यामागे काळ लपवलेला आहे. पुढच्या लोककोड्यांत हा व्यवहार बरोबर उलटा झाला. तिथे पुढे माणसं, पालख्या, नागिणी येतात आणि मागे लपलेली असते घरातली साधी वस्तू.

संस्कृत काव्यशास्त्राने या प्रकाराला प्रहेलिका म्हटलं. दंडीने ‘काव्यादर्शा’त तिचे सोळा प्रकार सांगितले आणि उपयोग तीन: खेळीमेळीच्या बैठकीत करमणूक, गर्दीत जाणकारांनी आपापसांत गुप्त बोलणं, आणि दुसऱ्याला गोंधळात पाडणं. त्यांतल्या शेवटच्या दोन उपयोगांत ऐकणाऱ्याला उत्तर न सापडणंच अपेक्षित आहे. कविता म्हणून कोड्याची अडचण इथूनच सुरू होते, कारण ऐकणारा हरला तर फक्त रचणारा खूश होतो.

नारळावरचा श्लोक मात्र या परंपरेतही आनंद देणारा आहे.

वृक्षाग्रवासी न च पक्षिराजः
त्रिनेत्रधारी न च शूलपाणिः ।
त्वग्वस्त्रधारी न च सिद्धयोगी
जलं च बिभ्रन्न घटो न मेघः ॥

झाडाच्या शेंड्यावर राहतो पण गरुड नाही, तीन डोळे आहेत पण शंकर नाही, सालीची वस्त्रं नेसतो पण योगी नाही, पाणी बाळगतो पण घडा नाही आणि ढगही नाही. यातली बांधणी पाहण्यासारखी आहे. प्रत्येक चरण एक खरी खूण देतो, तिच्यावरून मनात येणारं चुकीचं उत्तर स्वतःच उच्चारतो आणि लगेच खोडतो. खुणा चारही खऱ्या आहेत. नारळाचे तीन डोळे सोलल्यावर दिसतात, शेंड्या म्हणजे त्याचं वल्कल. तरीही एक गोष्ट खटकते. चुकीचं उत्तर कवीच खोडून टाकतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला स्वतःहून चुकायची संधी मिळत नाही.

मराठी लोककोड्याने नेमकी हीच गोष्ट सोडून दिली, आणि माझ्या मते तिथेच ते श्लोकाच्या पुढे गेलं. लसणाचं कोडं घ्या:

कोकणातून आली सखी,
तिच्या मानेवर दिली बुक्की,
तिच्या घरभर लेकी.

इथे ‘पण बाई नाही’ असं कोणी सांगत नाही. आपण पाहुणी आलेली बाई बघतो, तिला मारलेली बुक्की ऐकून चमकतो आणि घरभर पसरलेल्या लेकींपाशी पूर्ण गोंधळतो. मग उत्तर कळतं आणि प्रत्येक शब्द स्वयंपाकघरात जाऊन बसतो. मान म्हणजे गड्ड्याचा देठाकडचा भाग, बुक्की म्हणजे गड्डा फोडायला हाताने मारतात तो ठोसा, लेकी म्हणजे सुटून विखुरलेल्या पाकळ्या. लसणाचा रंग, वास, चव यांतलं काहीच सांगितलेलं नाही. सांगितलं आहे ते लसणाचं आपण काय करतो ते. ज्या हातांनी शेकडो गड्डे फोडले, त्या हातांचं हे निरीक्षण आहे.

‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ हे दात आणि जिभेचं कोडं याहून आखूड. त्यात आकडाच उत्तर फोडतो, म्हणून ते लहान मुलांना आधी घालतात. ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया’ यात आकाश सुपात मावलं, आणि सूप व लाह्या घरातल्याच असल्यामुळे चित्र लगेच उभं राहतं.

संतांनी हा साचा उचलला, पण हेतू वेगळा होता. ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड एक वसेचिना’ ही ज्ञानेश्वरांच्या नावावरची रचना किंवा एकनाथांची कोड्याची भारुडं ऐकताना आपण एखादी वस्तू शोधू लागतो, आणि उत्तर मात्र अध्यात्माचं असतं. ते गुरूने किंवा कीर्तनकाराने उलगडावं लागतं. कलगी-तुऱ्याच्या फडांतही भेदिक सवाल घातले जात आणि प्रतिपक्षाच्या शाहिराने त्यांचा जवाब द्यायचा असे. तिथे कस लागे तो पुराणांच्या आणि तत्त्वज्ञानाच्या जाणकारीचा. घरातल्या वस्तूचं कोडं या दोन्हींपासून दूर राहिलं. ते जात्यापाशी, ओसरीवर, बायका-मुलांच्या तोंडी वाढलं. त्यालाच उखाणा म्हणत, गोव्याकडे हुमाण. लग्नात नाव घेण्याच्या ओळींना उखाणा म्हणण्याची पद्धत आज इतकी रुळली आहे की त्याचा हा अर्थ मागे पडला.

आज असं कोडं रचायचं तर पहिली अट वस्तूच्या निवडीची. उत्तर ऐकणाऱ्याच्या घरात असलंच पाहिजे. जात्यावरची चांगली कोडी आज मुलांपुढे फसतात, कारण खुंटा आणि पाळ त्यांनी पाहिलेली नसते. पिठाची चाळण मात्र अजून बहुतेक घरांत आहे, तीच घेऊ.

‘गोल आहे, भोकं आहेत, पीठ चाळते’ हे वर्णन झालं, यात कोडं नाही. नुसत्या रूपाऐवजी वस्तूतली विसंगती शोधावी लागते. चाळणीत दोन विसंगती आहेत. भोकांना डोळे म्हटलं तर इतके डोळे असून तिला दिसत नाही. आणि ती चांगलं पीठ खाली जाऊ देते, कोंडा व किडे जवळ ठेवते. यावरून पहिला खर्डा असा होतो: ‘हजार डोळे, दिसत नाही काही, चांगलं ते सोडते, वाईट सोडत नाही.’ ऐकायला बरा आहे, पण चहाची गाळणीही यात चपखल बसते. चहा खाली, चोथा वर. दोन उत्तरं तितकीच खरी ठरली तर ऐकणारा वाद घालतो आणि मजा संपते. म्हणून गाळणीला बाहेर काढणारी एक खूण हवी, पण ‘पीठ’ हा शब्द न वापरता:

हजार डोळे, दिसत नाही काही;
पांढरा पाऊस पाडते बाई.
चांगलं ते सोडते घाईघाई,
वाईट मात्र सोडत नाही.

‘पांढरा पाऊस’ गाळणीला वगळतो आणि ऐकणाऱ्याला आभाळाकडे पाठवतो. ‘बाई’मुळे शेवटच्या दोन ओळी एखाद्या माणसाच्या स्वभावाच्या वाटतात. क्रमही महत्त्वाचा आहे. पाऊस शेवटी आणला असता तर सगळं अवघड आधी आणि सोपी खूण अखेरीस, असा उतार झाला असता. वाईट न सोडण्याची ओळ शेवटी ठेवली की उत्तर कळल्यावर मन तिथेच परत येतं आणि चाळणीत उरलेला कोंडा दिसतो.

रचून झाल्यावर ते दोघातिघांना घालून बघावं, आणि उत्तर सांगितल्यावर त्यांची पहिली प्रतिक्रिया ऐकावी. ‘हे कसं काय?’ असं विचारलं गेलं, तर एखादी ओळ वस्तूला लागू पडत नाही असं समजावं; बहुधा ती यमकासाठी आलेली असते. ऐकणाऱ्याने न विचारता स्वतःच एकेक ओळ वस्तूवर लावून दाखवायला सुरुवात केली, तर कोड्याला आणखी हात लावू नये.