विम्याच्या रकमेतून दरमहा उत्पन्न : पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचा अर्ज

पतीच्या निधनानंतर मिळालेली विम्याची रक्कम करमुक्त असते. तिच्यावर पुढे मिळणारे व्याज मात्र उत्पन्नात धरले जाते. गुंतवणुकीची सवय नसलेल्या महिलेने पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेपासून सुरुवात करावी, असे मी सुचवतो, कारण तिथे मुद्दलाला केंद्र सरकारची हमी आहे आणि खाते उघडताना ठरलेला व्याजदर पाच वर्षे बदलत नाही.

कोणतीही सज्ञान भारतीय रहिवासी व्यक्ती हे खाते उघडू शकते. विधवा असल्याचा दाखला लागत नाही. एका नावावर जास्तीत जास्त 9 लाख रुपये ठेवता येतात. एप्रिल 2023 मध्ये दर 7.4 टक्के झाला. नव्या खात्यांसाठी तो तिमाहीला बदलू शकतो, म्हणून अर्जाच्या दिवशी खिडकीवर विचारून घ्यावा.

सोबत आधार, पॅन, दोन छायाचित्रे आणि रकमेचा धनादेश न्यावा. अडचण बहुधा नावापाशी येते : पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. अशा वेळी आधी पॅन दुरुस्त करून घ्यावे. व्याज जमा होण्यासाठी पोस्टातच बचत खाते उघडावे आणि दोन्ही अर्जांत वारसाचे नाव लिहावे. पासबुक हाती आल्यावर नाव, रक्कम, दर आणि मुदत तिथेच उभे राहून वाचावी. एजंटाच्या हाती रोख रक्कम किंवा कोरा धनादेश देऊ नये.

उदाहरणादाखल, तासगावच्या 42 वर्षांच्या एका महिलेला 20 लाख रुपये मिळाले असे समजू. 9 लाखांवर 7.4 टक्क्यांनी तिला दरमहा 5,550 रुपये मिळतील. 2 लाख बचत खात्यात अडीअडचणीसाठी राहतील. उरलेले 9 लाख तिने दोन वेगळ्या बँकांत साडेचार-साडेचार लाखांच्या, दरमहा व्याज देणाऱ्या मुदतठेवींत ठेवावेत, कारण ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत मुद्दल व व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच असते. दर साडेसहा टक्के धरला तर त्यांतून महिन्याला सुमारे 4,800 रुपये येतील.

सांगली-साताऱ्यात गावोगावी पतसंस्था आहेत आणि त्यांचा दर अर्धा-एक टक्का जास्त असला की मन तिकडे ओढते. पण पतसंस्थेतील ठेवीला हे विमा संरक्षण मिळत नाही, मग अध्यक्ष भाऊबंदांतले असले तरी. बँकेत कोणी मुदतठेवीऐवजी ‘जास्त परताव्याची’ योजना सुचवली तर हप्ता किती वर्षे भरायचा, एवढेच विचारावे. हप्ता असेल तर ती बहुधा विमा पॉलिसी असते. चुकून सही झालीच, तर पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते.

मासिक उत्पन्न योजनेतून पहिल्या वर्षात पैसे काढता येत नाहीत. तीन वर्षांच्या आत खाते बंद केल्यास मुद्दलातून 2 टक्के, त्यानंतर मुदतीआधी बंद केल्यास 1 टक्का कापला जातो. न काढलेल्या मासिक व्याजावर योजनेत पुन्हा व्याज मिळत नाही. शिवाय महागाई वाढली तरी ते 5,550 रुपये पाच वर्षे तेवढेच राहतात, त्यामुळे मुलांच्या फीचा हिशेब या रकमेवर बेतताना थोडी जागा सोडावी.