मंजुरीअभावी थांबलेले नियोजित काम

ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारे काम (जॉब) एखाद्या टप्प्यावर माणसाच्या होकारासाठी थांबते आणि तो होकार येतच नाही, अशी ही स्थिती. काम यशस्वी झालेले नसते आणि फसलेलेही नसते. त्यामुळे फक्त अपयशावर घंटा वाजवणारी देखरेख इथे गप्प बसते.

एक नमुना घेऊ. दर रविवारी पहाटे २:०० वाजता १८० दिवसांपेक्षा जुन्या फाइली पुसणारा जॉब आहे. तो आधी यादी करतो, मग मंजुरी मागतो, मग पुसतो. २:०४ ला ४१२ फाइलींची यादी तयार झाली आणि विनंती एकाच व्यक्तीकडे गेली. ती व्यक्ती रजेवर होती. बुधवारी सकाळी दहाला डिस्क भरत आल्याची तक्रार आली, तेव्हा कुठे कोणीतरी पडदा उघडून पाहिला. तिथे लाल काहीच नव्हते, नुसते `waiting`.

अशा वेळी “जॉब झाला नाही” हा अहवाल अपुरा आहे आणि “जॉब फेल झाला” हा चुकीचा, कारण तो वाचून माणूस कोडमधली चूक शोधत बसतो. “मंजुरी नाकारली” हे तर सरळ खोटे ठरेल. कोणी नाही म्हटलेले नाही, उत्तरच आलेले नाही. नीट अहवाल साधारण असा असतो:

```
स्थिती: मंजुरीची वाट पाहत आहे (रवि. २:०४ पासून, सुमारे ८० तास)
झाले: ४१२ फाइलींची यादी
झाले नाही: एकही फाइल पुसलेली नाही
विनंती: एका मंजुरीदाराकडे; होकार वा नकार नाही
सावधान: यादी रविवारची आहे, पुसण्याआधी नवी करावी
```

यातली “झाले नाही” ही ओळ लोक हमखास विसरतात, आणि वाचणाऱ्याला सर्वांत आधी तीच हवी असते. शेवटची ओळही शोभेची नाही. मधल्या तीन दिवसांत त्या ४१२ पैकी एखादी फाइल कोणी पुन्हा वापरात घेतली असेल, तर बुधवारी दिलेला उशिरा होकार नेमकी तीच पुसून टाकील. म्हणून जुनी विनंती रद्द करून जॉब पहिल्या पायरीपासून चालवणे बरे.

वाट पाहण्याला मर्यादा असते, पण ती साधनागणिक बदलते. गिटहब ॲक्शन्समध्ये ३० दिवसांत मंजुरी न मिळालेला जॉब आपोआप फेल होतो, तर एडब्ल्यूएस कोडपाइपलाइनमध्ये मंजुरीची मूळ मुदत ७ दिवसांची आहे आणि ती उलटली की तो टप्पा फेल दाखवला जातो. म्हणजे मुदतीनंतर पडद्यावर जे लाल दिसते त्यामागे बिघाड नसून मौन असू शकते. अहवालात तेव्हा “मुदत संपली, उत्तर नाही” असे कारण हाताने लिहावे लागते. दर आठवड्याच्या जॉबला ३० दिवसांची मुदत ठेवली, तर पहिला थांबलेला असतानाच पुढचे चार येऊन उभे राहतात. त्यामुळे मुदत दोन फेऱ्यांमधल्या अंतरापेक्षा कमी ठेवतात, आणि ती संपण्याआधी विनंती दुसऱ्या मंजुरीदाराकडे जाईल अशी सोय करतात.