कॅश ऑन डिलिव्हरी आणि पैठणीची उलटी बाजू

“अनोळखी साइट असली तरी कॅश ऑन डिलिव्हरी घेतली की फसायचा प्रश्नच नाही, हो ना?”

नाही. बहुतेक वेळा कुरिअरवाला आधी पैसे घेतो, मग पार्सल हातात देतो. आत काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो आणि तो पैसे परतही करत नाही.

माझंच सांगते. वहिनीच्या डोहाळजेवणासाठी इन्स्टावरच्या एका दुकानातून ‘हातमागाची पैठणी’ मागवली, साडेतीन हजारांना. (तेव्हाच शंका यायला हवी होती.) पार्सल तसंच ठेवलं आणि कार्यक्रमाच्या दिवशी, दहा दिवसांनी उघडलं. साडी उलटी केली तर पदरावरच्या मोरामागे कापलेल्या धाग्यांचं जंगल! हाताने विणलेल्या पैठणीची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. धागे लोंबत असतील तर काम यंत्रमागाचं.

परतीची अट नंतर वाचली: ४८ तासांत कळवा, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ जोडा, बदली मिळेल, पैसे नाहीत. भेटवस्तू इथेच अडकते, कारण ती उघडली जाते तोवर मुदत संपलेली असते. म्हणून आलेल्या दिवशीच कॅमेरा सुरू करून उघडा, मग पुन्हा बांधा.

रिव्ह्यू मी वाचले होते, पण पाच ताऱ्यांचे. एक-दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूंत ग्राहकांनी साडीच्या मागच्या बाजूचे फोटो टाकलेले होते. साइटवर विक्रेत्याचं कायदेशीर नाव आणि पत्ताही नव्हता. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तो द्यावाच लागतो. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते, पण पत्ताच नसेल तर नोटीस धाडायची कुठे?