‘रेफर’ आल्यावर सव्वा महिना थांबू नका

बाळंतपणानंतर कोल्हापुरातल्या दवाखान्यात बाळाच्या कानात मऊ बोंडी घालून काही सेकंदांची ओएई ही ऐकण्याची तपासणी होते. यंत्र कानात बारीक टिकटिक सोडतं. अंतर्कर्णातल्या केसपेशी शाबूत असतील, तर तिथून अगदी क्षीण आवाज उलट येतो आणि बोंडीतला माइक तो टिपतो. टिपला नाही, तर कागदावर ‘रेफर’ उमटतं.

याचा अर्थ बाळ बहिरं आहे असा नव्हे. पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीत चिकट पांढरा थर आणि मधल्या कानात गर्भजल असतं, त्यामुळे परतीचा आवाज अडतो. बरीच बाळं दुसऱ्या तपासणीत पास होतात. अडचण अशी, की तोवर बाळंतीण गारगोटी किंवा चंदगडकडे माहेरी गेलेली असते आणि सव्वा महिना बाहेर पडायचं नसतं. तपासणीचं वेळापत्रक मात्र याच सव्वा महिन्यात सुरू होतं.

समजा, बाळ 3 जूनला जन्मलं आणि 4 तारखेला डावा कान रेफर आला. साधारण 18 जूनला दोन्ही कान पुन्हा तपासून घ्या, पास झालेलासुद्धा. परत रेफर आला तर ‘अजून एकदा बघू’ म्हणत तीच चाचणी करत राहू नका, कारण वारंवार केली की एखाद वेळी ती योगायोगानेही पास होते. आईच्या पोटात असताना बाळाला बहिरेपणा आणू शकणाऱ्या सीएमव्ही विषाणूची लागण झाली होती का, हे लाळ किंवा लघवीतून तपासायचं तर नमुना जन्मापासून 21 दिवसांच्या आत, म्हणजे 24 जूनपर्यंत घ्यावा लागतो. नंतर विषाणू सापडला, तरी लागण जन्माआधीची की नंतरची हे ठरवता येत नाही. म्हणून ही चौकशी डॉक्टरांकडे त्याच भेटीत करा.

पुढची पायरी बेरा. ती 3 सप्टेंबरच्या आत, म्हणजे तीन महिने भरण्याआधी व्हावी. यात बाळ झोपलेलं असताना कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवून श्रवणनसेचा प्रतिसाद मोजतात. त्या दिवशी मालिश नको, डोक्याला टाळूचं तेलही नको, कारण तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड टिकत नाहीत. एसटीत बाळ झोपलं, की तपासणीच्या वेळी टक्क जागं राहतं. म्हणून वाटेत त्याला जागं ठेवा आणि इलेक्ट्रोड लावून झाल्यावर पाजा. लहान बाळ असं नैसर्गिक झोपतं, मोठं झालं की झोपेचं औषध द्यावं लागू शकतं. लवकर येण्याचा हा आणखी एक फायदा.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळाला ओएई पास असली तरी स्वयंचलित बेरा हवीच. केसपेशी ठीक, पण नसेतून संदेश नीट जात नाही, असा दोष ओएईला दिसत नाही.

घरी थाळी वाजवून खात्री करू नका. बाळ हादऱ्यानेही दचकतं, आणि ‘स’, ‘श’सारखे उंच पट्टीचे आवाज ऐकू न येणारं बाळसुद्धा थाळीला दाद देतं. कानात तेलही घालू नका.

बेरामध्ये कायमचा दोष निघाला, तर सहा महिने भरण्याआधी, इथे 3 डिसेंबरच्या आत, श्रवणयंत्र बसलेलं असावं. कान भराभर वाढतो. यंत्राचा कानात बसणारा साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारू लागतं, तेव्हा सुरुवातीला काही आठवड्यांनी नवा साचा करून घ्यावा लागतो.