सगळंच बॉर्डरवर, म्हणजे काहीच नाही?

"शुगर बॉर्डरवर, बीपी बॉर्डरवर, गोळी पण नाही दिली, मग कशाला टेन्शन?"

एकेक आकडा सुटा बघितला की असंच वाटतं. समजा सांगलीच्या मार्केट यार्डातला पंचेचाळीशीचा हळद व्यापारी आहे, कंबर ९६ सेंमी, उपाशीपोटी शुगर १०८, बीपी १३४/८६, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड १९०, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ४४. डायबिटीस नाही, फार औषधंही नाहीत. पण आपल्याकडच्या पुरुषांना कंबरेची मर्यादा ९० (बायकांना ८०), शुगरची १००, बीपीची १३०/८५, ट्रायग्लिसराइडची १५०, आणि एचडीएल पुरुषांत ४०, बायकांत ५० च्या खाली नको. पाचातले तीन बिघडले की मेटाबॉलिक सिंड्रोम, याचे तर चार बिघडलेत, फक्त एचडीएल वाचलंय.

हे चारही बऱ्याच अंशी एकाच मुळातून येतात. पोटातल्या आतड्यांभोवतीची चरबी फॅटी अॅसिड सोडते, ती थेट लिव्हरकडे जातात, मग लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, साखर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही जास्त सोडतं, शरीर अजून इन्सुलिन बनवतं आणि त्यानं किडनी मीठ धरून ठेवते, की बीपी वर. म्हणून पुढं डायबिटीसचा धोका साधारण पाचपट, हार्टचा दुप्पट.

आणि कंबर म्हणजे पँटचा नंबर नाही हो, पट्टा तर पोटाखाली बांधतात सगळे! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावायचा. या पाच आकड्यांत वय, तंबाखू, वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल धरलेलं नसतं, ते डॉक्टरांना वेगळं विचारा.