आभारप्रदर्शन (शिक्षक दिन)

शिक्षक दिनाच्या समारंभात शेवटी, राष्ट्रगीताच्या आधी, विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने केलेले छोटे भाषण. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्म ५ सप्टेंबर १८८८ चा. ते १९६२ मध्ये राष्ट्रपती झाले आणि त्याच वर्षापासून त्यांचा वाढदिवस शिक्षक दिन म्हणून पाळला जाऊ लागला. या नोंदीत नागपूरच्या मराठी माध्यमाच्या शाळांमधील आभारप्रदर्शनाचा विचार केला आहे.

इतर कार्यक्रमांत आभार मानणे सरळ असते. पाहुणे बाहेरून आलेले असतात, शिक्षकांनी सगळी धावपळ केलेली असते आणि शेवटी त्या धावपळीची नोंद होते. शिक्षक दिनी मात्र यजमान विद्यार्थी असतात आणि समोर पहिल्या रांगेत बसलेले शिक्षक सत्कारमूर्ती असतात. त्यातच बहुतेक शाळांत त्या दिवशी स्वयंशासन असते. दहावीची मुले साड्या नेसून, इन केलेले शर्ट घालून तास घेतात, एखादी मुलगी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसते. तरीही माइक आणून देणारे, रांगोळीला खोली उघडून देणारे, भाषणे तपासून देणारे शिक्षकच असतात. म्हणजे आजच्या कामासाठी आणि वर्षभराच्या शिकवण्यासाठी अशा दोन गोष्टींसाठी एकाच माणसाचे आभार मानायचे असतात. हे दोन धागे वेगळे न ठेवल्याने निम्मी भाषणे बिघडतात. ‘गुरू म्हणजे दिवा’ या धर्तीचे सगळे बोलणे आधीच्या चार मनोगतांत होऊन गेलेले असते. आभार मानणारीने तेच पाचव्यांदा सांगितले की मागच्या रांगा चपला शोधू लागतात.

कार्यक्रमाचा क्रम सर्वत्र साधारण सारखा असतो: दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शिक्षकांचा सत्कार, विद्यार्थ्यांची मनोगते, मुख्याध्यापकांचे किंवा पाहुण्यांचे भाषण, अध्यक्षीय भाषण, आभार आणि राष्ट्रगीत. आभाराची वेळ येईपर्यंत दीड तास उलटून गेलेला असतो आणि सकाळच्या पाळीची शाळा असेल तर दुपारच्या पाळीची मुले फाटकाशी जमू लागलेली असतात. म्हणून हे भाषण तीन ते चार मिनिटांचे असावे. सावकाश बोलल्यास मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात, तेव्हा लिहिताना चारशे शब्दांच्या पुढे जाऊ नये. टिनाच्या शेडमध्ये कार्यक्रम असेल आणि बाहेर पाऊस लागला असेल, तर माइक असूनही आवाज पत्र्यावरच्या सरींत बुडतो. सप्टेंबरच्या नागपुरात ही शक्यता गृहीतच धरावी आणि नावे असलेली वाक्ये लहान ठेवावीत.

नागपूरच्या शाळांना आणखी एक अडचण असते. विदर्भातल्या उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. २०२४ साली त्या १ जुलैला उघडल्या. त्याच वर्षी २ सप्टेंबरला पोळा होता, ३ सप्टेंबरला तान्हा पोळा आणि मारबत, आणि ७ तारखेला गणेश चतुर्थी. तालमीसाठी हाती राहिलेले दिवस असे सुट्ट्यांमधून वेचून काढावे लागले. शाळा सुरू होऊन दोनच महिने झालेले असल्याने या वर्षी नव्याने शिकवायला आलेल्या शिक्षकांविषयी सांगण्यासारखे थोडेच जमलेले असते. त्यामुळे ठोस आठवण बहुधा मागच्या वर्षीची निघते, आणि तसे ती बोलूनही दाखवावी. ‘आठवीत असताना’ एवढे दोन शब्द पुरतात.

ठोसपणा कुठून येतो हे एका नमुन्यावरून पाहता येईल. नववीतल्या एका विद्यार्थिनीकडे हे काम आले असे समजू. तिच्या पहिल्या मसुद्यात असे वाक्य होते: ‘आमचे गणिताचे सर आम्हाला खूप छान शिकवतात, त्यांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो.’ यात खोटे काही नाही, पण ‘गणिताचे’ काढून ‘भूगोलाचे’ घातले तरी वाक्य तसेच उभे राहते. शिक्षकाचे नाव बदलूनही वाक्य चालत असेल तर ते त्या शिक्षकाचे नाही, हीच सोपी कसोटी. मग तिने वर्गातल्या मैत्रिणींना विचारले की सरांचे काय आठवते. सगळ्यांनी एकच प्रसंग सांगितला. दुसरा मसुदा असा झाला:

‘सर, आठवीत आम्ही एक नियम पाठ केला होता. बरोबरच्या चिन्हापलीकडे संख्या नेली की चिन्ह बदलतं. तुम्ही फळ्यावर एक्स अधिक पाच बरोबर बारा असं लिहिलं आणि विचारलं, का बदलतं? कोणालाच सांगता आलं नाही. तेव्हा तुम्ही दोन्ही बाजूंतून पाच वजा करून दाखवले आणि म्हणालात, संख्या कुठेच जात नाही, आपण दोन्हीकडे सारखंच करतो. त्या दिवसापासून आमचं गणित पाठांतराचं राहिलं नाही. आणि मी फळ्याजवळ उभी राहून थरथरत असताना तुम्ही म्हणालात, “काहून घाबरून राहिली तू? चुकलं तर पुसू नं.” सर, त्या एका वाक्याचे आभार.’

यात तीन गोष्टी आहेत: शिक्षकाने नेमके काय केले, ते केव्हा केले आणि त्याने काय बदलले. सरांचे बोलणे घरच्या नागपुरी वळणात तसेच ठेवले आहे, ते प्रमाण मराठीत आणले असते तर वर्गाला सर ऐकू आले नसते. असे वाक्य मंचावरून बोलले जाते तेव्हा त्या वर्गाच्या रांगेतून ‘हो, हो’ असा आवाज येतो. प्रसंग खरा असल्याची याहून चांगली खूण नाही.

पंचवीस-तीस शिक्षकांच्या शाळेत प्रत्येकाला असा प्रसंग देता येत नाही. द्यायचा हट्ट धरला तर भाषण वीस मिनिटांचे होते आणि शेवटच्या दहा जणांच्या वाट्याला पुन्हा ‘छान शिकवतात’ येते. जाणत्या शाळांत यावर साधा तोडगा असतो. दोन किंवा तीन प्रसंग सविस्तर सांगायचे आणि बाकीच्यांची नावे एका दमात, पण त्यांच्या कामासह घ्यायची: कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकून प्रत्येकीला सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहू देणाऱ्या विज्ञानाच्या मॅडम, खो-खोच्या मैदानावर स्वतः चुन्याच्या रेघा ओढणारे क्रीडाशिक्षक. नावासोबत एक क्रियापद आले की पुरेसे होते. सविस्तर प्रसंगांपैकी एक तरी अशा शिक्षकाचा असावा ज्यांचा विषय मुलांना आवडता नाही किंवा ज्यांच्याविषयी एरवी कोणी बोलत नाही. लोकप्रिय सरांना मनोगतांत भरपूर मिळालेले असते.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा उल्लेख बहुतेक वेळा ‘तसेच’ या शब्दामागे एका ओळीत उरकला जातो. हे मला पटत नाही. खुर्च्या मांडणारे, घंटा देणारे, विसरलेला डबा दुसऱ्या दिवशी हातात ठेवणारे शिपाईकाका आणि आठवीपर्यंतच्या मुलांची खिचडी शिजवणाऱ्या मावशी यांना मुले रोज भेटतात. वरच्या नमुन्यातल्या मुलीने लिहिले होते: ‘काका, आज तुम्ही सहाला येऊन सतरंज्या घातल्या, आम्ही आलो तेव्हा सगळं झालेलं होतं.’ हे आजच्या कामाचे आभार आहेत आणि ते त्याच दिवशी मानले तरच त्यांना अर्थ असतो. नाव घेताना संपूर्ण नाव घ्यावे. ‘शिपाईकाका’ एवढेच म्हटले तर कोणते, असा प्रश्न राहतो.

एका बाबतीत मात्र नेमकेपणाला आवर घालावा लागतो. एखाद्या सरांनी कोणाची परीक्षा फी भरली, एखाद्या मॅडमनी कोणाला गणवेश घेऊन दिला, अशा गोष्टी प्रत्येक शाळेत घडतात आणि त्या सांगाव्याशा वाटतात. पण हा प्रसंग दुसऱ्या मुलाचा असेल तर त्याची गरिबी साऱ्या शाळेपुढे मांडली जाते. स्वतःचा असेल तरीही त्या शिक्षकांना आधी विचारावे, कारण पुष्कळांनी ती मदत कोणाला कळू नये म्हणूनच केलेली असते. नकार मिळाला तर तो प्रसंग गाळावा आणि कार्यक्रमानंतर सरांना एकट्यात गाठावे. शिक्षकाच्या रागावण्याची नक्कल करून हशा मिळवणेही याच कारणासाठी टाळावे. हशा मिळतो, पण सरांना त्या हशात बसून राहावे लागते.

मानाचा क्रम असा: अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापिका, पर्यवेक्षक, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, मग स्वागतगीत म्हणणारा गट, फलकलेखन व सजावट करणारे विद्यार्थी, ध्वनिव्यवस्था आणि शेवटी श्रोते. संस्थेचे पदाधिकारी आले असतील तर ते पाहुण्यांच्या बरोबर येतात. हा क्रम आदल्या दिवशी कार्यालयातून तपासून घ्यावा, कारण पदनामे बदलतात आणि ‘प्रभारी’ शब्द सुटला की मागून कुजबुज सुरू होते. आडनावांचे उच्चार त्या त्या व्यक्तीकडूनच ऐकून घेणे उत्तम. भाषण पाठ असले तरी नावे एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावीत, आणि त्यात तीन-चार ओळी कोऱ्या सोडाव्यात. ठरलेले पाहुणे न येता दुसरेच येतात, निवृत्त झालेल्या एखाद्या बाई अचानक येऊन मागे बसतात, आयत्या वेळी कोणी स्वतःच्या घरून विजेची तार आणून देतो. ही नावे त्या कोऱ्या ओळींत भरली जातात. कार्यक्रम सुरू असताना आभार मानणारीने मंचामागे गप्पा मारत न बसता समोर बसून हे टिपत राहायचे असते. अध्यक्षांच्या भाषणातले एखादे वाक्य उचलून त्याबद्दल आभार मानता आले, तर भाषण त्याच दिवसाचे वाटते.

कोणी राहून गेले असेल तर ते सुधारायला फार थोडा वेळ मिळतो. ‘अध्यक्षांच्या परवानगीने कार्यक्रम संपला असे जाहीर करते, सर्वांनी राष्ट्रगीतासाठी उभे राहावे’ असे म्हटल्यावर माइक पुन्हा हाती येत नाही. बावन्न सेकंदांचे राष्ट्रगीत झाले की मुले आलूबोंड्यांच्या पातेल्याकडे वळतात. म्हणून हे शेवटचे वाक्य बोलण्याआधी क्षणभर थांबून पहिल्या रांगेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवावी आणि सूत्रसंचालन करणाऱ्या मैत्रिणीकडे पाहावे. राहिलेले नाव तिच्या लक्षात आलेले असते. ते तिथेच, कारणे न देता, त्यांच्या कामासह घ्यावे: ‘आणि आपल्या ग्रंथालयाच्या मॅडम, ज्यांनी आज वापरलेली राधाकृष्णन यांची तसबीर शोधून, पुसून दिली.’

आभार संपल्यावरही राहिल्याचे कळले तर दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी दोन ओळी बोलण्याची परवानगी मागता येते, आणि मुख्याध्यापिका ती बहुधा देतात.