एनबीएचा स्वमूल्यमापन अहवाल: वाक्य तिथे पुरावा
(अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांसाठी आणि एनबीए समन्वयकांसाठी माहितीपत्रक)

चिपळूणला आमचं छोटंसं कार्यालय आहे. रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गातल्या विभागांना एनबीएचा स्वमूल्यमापन अहवाल, म्हणजे सगळे ज्याला एसएआर म्हणतात तो, तयार करायला आम्ही मदत करतो. पहिल्या भेटीत बहुतेक विभागप्रमुख विचारतात, "अहवाल किती दिवसांत लिहून द्याल?" लिहिण्याचं काम फार नसतं. वेळ जातो तो लिहिलेल्या प्रत्येक वाक्यामागे कागद उभा करण्यात. ते कसं करायचं, ते या पत्रकात एकच विषय घेऊन दाखवलं आहे.

आधी थोडं नमुन्याविषयी. संलग्न महाविद्यालयं वर्षानुवर्षं टियर-२चा जो नमुना वापरत आली, त्यात १० निकष आणि १००० गुण होते. सर्वाधिक २०० गुण पाचव्या निकषाला, म्हणजे प्राध्यापकांना. त्याचे पुरावे सरळ असतात: नेमणूक पत्र, पदवीची प्रत, पगार बँकेत जमा झाल्याची नोंद, फॉर्म १६. असतील तर आहेत, नसतील तर नाहीत. विभाग अडकतात ते १२० गुणांच्या तिसऱ्या निकषात. विद्यार्थी जे शिकायला हवे होते ते शिकले का, हे तिथे आकड्यांत दाखवावं लागतं. आता एनबीएने नमुना बदलला आहे, पीओही १२ चे ११ झाले आहेत. म्हणून खालचे निकषक्रमांक जुन्या टियर-२ नमुन्याचे समजा आणि आपला अर्ज ज्या नमुन्यावर आहे त्याच्याशी ताडून घ्या. विचार करण्याची रीत मात्र दोन्हीकडे तीच आहे.

एक सीओ, शेवटपर्यंत

स्थापत्य विभागाचा दुसऱ्या वर्षाचा सर्वेक्षण हा विषय घेऊ, कोड C203. त्यातला तिसरा सीओ असा: मध्ये खाडी किंवा दरी असताना रेसिप्रोकल लेव्हलिंगने दोन बिंदूंच्या उंचीतला फरक काढता येणे. आपल्याकडे हा निव्वळ पुस्तकी विषय नाही. पलीकडचा किनारा डोळ्यांसमोर असतो, पण लेव्हल मधोमध ठेवायला जमीन नसते. (खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत. अडचणी मात्र आमच्या टेबलावर नेहमी येतात त्याच आहेत.)

विभागाने ठरवलेला नियम असा. विद्यार्थ्याला त्या प्रश्नात ६० टक्के गुण मिळाले तर त्याला सीओ साधला. वर्गातल्या ६० टक्के विद्यार्थ्यांना साधला तर पातळी १, ७० टक्क्यांना साधला तर २, ८० टक्क्यांना साधला तर ३. विद्यापीठाच्या परीक्षेचा भार ८० टक्के, अंतर्गत चाचणीचा २०. उद्दिष्ट १.५.

वर्गात ६४ विद्यार्थी. पहिल्या चाचणीतला दुसरा प्रश्न या सीओचा, १० गुणांचा. चाचणीला ६१ जण बसले आणि त्यांतल्या ४४ जणांना ६ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले. विद्यापीठाच्या ८० गुणांच्या पेपरात ४८ किंवा जास्त मिळवणारे ४० होते. विद्यापीठाकडून प्रश्नवार गुण हाती येत नाहीत, म्हणून तिथली पातळी सगळ्या सीओंना सारखीच धरली जाते. ती इथे १ येते.

आता घोळ कुठे होतो ते पाहा. ४४ ला बसलेल्या ६१ ने भागलं तर ७२.१ टक्के, म्हणजे पातळी २. पटावरच्या ६४ ने भागलं तर ६८.७५ टक्के, म्हणजे पातळी १. पहिल्या हिशोबाने सीओची प्राप्ती `0.8 × 1 + 0.2 × 2 = 1.2`, दुसऱ्याने `1.0`. उद्दिष्ट दोन्हीकडे हुकलं आहे, त्यामुळे कुणी म्हणेल की फरक काय पडतो? फरक असा की अहवालात समन्वयकाने १.२ लिहिलेलं असतं आणि सरांच्या कोर्स फाइलमध्ये १.० असतं. तज्ज्ञ समितीतले सर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतात. तिथून पुढे प्रत्येक आकड्याकडे संशयानेच पाहिलं जातं. तीन विद्यार्थी तापाने आजारी होते, एवढ्यावरून.

छेद कोणता धरायचा, 'कोणतेही दोन सोडवा' म्हटल्यावर न सोडवलेला प्रश्न कसा मोजायचा, हे विभागाने ठरवायचं असतं. आमचा सल्ला पटसंख्या धरण्याचा आहे, कारण गैरहजर विद्यार्थीही विभागाचाच असतो. पण काहीही धरा, ते सत्र सुरू होण्यापूर्वीच्या बैठकीत ठरवा, इतिवृत्तात लिहा आणि सगळ्या विषयांना एकच नियम लावा. ३.२.१ मध्ये मोजण्याची पद्धत विचारतात. तिथला खरा पुरावा म्हणजे हे इतिवृत्त.

या एका आकड्यामागचे कागद

१.० हा आकडा अहवालात ३.२.२ खाली एका चौकटीत बसतो. त्याच्यामागे काय काय हवं? ज्या प्रश्नपत्रिकेवर त्या प्रश्नासमोर CO3 छापलं आहे ती प्रश्नपत्रिका, प्रश्नवार गुणांची शीट, उत्तम, मध्यम आणि कमी गुणांच्या दोन-दोन उत्तरपत्रिका, विद्यापीठाचा निकाल, आणि पद्धत ठरवलेलं इतिवृत्त. बहुतेक विभागांकडे यातलं प्रश्नवार गुण सोडून सगळं असतं. एकूण २० पैकी १३ एवढंच नोंदवलेलं असतं आणि मग सीओनिहाय आकडे उलट्या हिशोबाने 'बसवले' जातात. ते लगेच कळतं. सहाही सीओंची टक्केवारी दशांशापर्यंत सारखी आली, तर तो खेळ उघडा पडतो.

फाइलींना नावं देताना आम्ही एकच रीत पाळतो: विषय, सीओ, चाचणी, कागदाचा प्रकार. उदाहरणार्थ:

```
C203_CO3_T1_QP.pdf
C203_CO3_T1_marks.xlsx
C203_CO3_T1_scripts.pdf
```

कागद एकाच ठिकाणी ठेवा आणि त्याचा क्रमांक हवा तितक्या निकषांत द्या. सल्लागार समितीचं इतिवृत्त पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या निकषात लागतं, म्हणून त्याच्या तीन झेरॉक्स तीन बॉक्स फाइलींत गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. एका प्रतीवर सह्या, दुसरीवर नाहीत, तिसरीची तारीख वेगळी. अशा वेळी खरी प्रतही खोटी वाटू लागते.

पीओकडे नेताना

या सीओची पीओ-१ शी, म्हणजे अभियांत्रिकी ज्ञानाशी, जोडणी ३ धरली असेल तर प्राप्ती पूर्ण १.० जाते. २ धरली तर तिचे दोन तृतीयांश, साधारण ०.६७. ही सगळीकडे वापरली जाणारी पद्धत आहे, सक्तीची नाही. म्हणून ३.३.१ मध्ये आपली पद्धत स्पष्ट शब्दांत लिहा. मोह होतो तो तक्ता भरून टाकण्याचा. एका तक्त्यात या सीओपुढे पर्यावरणाच्या पीओला २ दिलेले होते. आम्ही विचारलं, पर्यावरणावर कोणता प्रश्न विचारला, कोणतं प्रात्यक्षिक झालं? उत्तर नव्हतं. ते खोडलं. रिकामी चौकट चालते, पण भरलेल्या चौकटीला कागद लागतो.

उद्दिष्ट हुकलं, आता?

इथे विभाग घाबरतात आणि उद्दिष्टच १.० वर आणून ठेवतात. आमचं मत उलट आहे. हुकलेलं उद्दिष्ट हाच सातव्या निकषाचा कच्चा माल आहे. ७.१ मध्ये तेच विचारतात: कुठे कमी पडलात आणि काय केलंत?

आपल्या उदाहरणातल्या उत्तरपत्रिका परत चाळल्या तेव्हा दिसलं की कमी गुणांच्या बहुतेक मुलांनी एकाच बाजूच्या वाचनावरून उत्तर काढलं होतं. दोन्ही किनाऱ्यांवरून वाचनं घेऊन सरासरी काढली की पृथ्वीच्या वक्रतेची, अपवर्तनाची आणि कॉलिमेशनची चूक निघून जाते, हेच त्यांना उमगलं नव्हतं. का उमगलं नव्हतं? जुलै-ऑगस्टच्या पावसात लेव्हल बाहेर काढता आला नाही. धडा फळ्यावर झाला, चाचणीही झाली आणि मैदानावरचं प्रात्यक्षिक झालं ते ऑक्टोबरात.

पुढच्या वर्षी विभागाने हा घटक नवरात्रानंतर घेतला, आधी खाडीकाठचं प्रात्यक्षिक आणि मग दुसऱ्या चाचणीत प्रश्न. पटावरच्या ६६ पैकी ५१ जणांना ६ किंवा जास्त गुण मिळाले, ७७.३ टक्के. अंतर्गत पातळी २ झाली. विद्यापीठाची पातळी १ च राहिली, म्हणून एकूण १.२. उद्दिष्ट अजूनही दूर आहे, पण कागदांची साखळी पूर्ण आहे: पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका, कारण नोंदवलेलं इतिवृत्त, बदललेलं अध्यापन नियोजन, मुलांची तारखेसह फील्ड बुकं, दुसऱ्या वर्षाचे गुण. 'विद्यार्थ्यांसाठी विशेष मार्गदर्शन सत्रे आयोजित केली' या नेहमीच्या वाक्यामागे यातलं काहीच नसतं.

मसुदा कसा तपासायचा

छापील मसुदा घ्या आणि लाल पेनाने 'केले', 'झाले', 'घेतले', 'सुधारले' अशा प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढा. प्रत्येक रेघेला एक क्रमांक द्या. मग एका शीटवर चार रकाने आखा: निकष, वाक्य, कागदाचं नाव, कागद कुणाकडे आहे. चौथ्या रकान्यात 'विभाग' किंवा 'ऑफिस' लिहू नका, माणसाचं नाव लिहा. भेटीच्या दिवशी कपाटाची किल्ली माणसाकडेच असते. ज्या रेघेला कागद सापडत नाही ते वाक्य काढून टाका. एका विभागाचा मसुदा असा तपासल्यावर बराच बारीक झाला. समन्वयक मॅडम आधी हिरमुसल्या, नंतर म्हणाल्या, "आता निदान कुठलंही पान उघडलं तरी भीती वाटत नाही."

आणखी एक, खास आपल्या किनाऱ्यापुरतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या फाइलींचं काय होतं ते आम्ही पाहिलं. पूर नाही आला तरी दमटपणा आणि वाळवी आहेच. विद्यापीठाचा निकाल पुन्हा मिळवता येतो, प्रश्नवार गुण आणि उत्तरपत्रिका नाही. म्हणून सत्राचे कागद मे संपायच्या आत स्कॅन करा आणि एक प्रत महाविद्यालयाच्या इमारतीबाहेर ठेवा.

आमच्याकडे काय मिळेल, काय नाही

आम्ही मसुदा तपासतो, पुराव्यांची शीट बांधून देतो, सीओ-पीओचे हिशोब पडताळतो आणि भेटीपूर्वी एक दिवस समितीसारखे प्रश्न विचारतो. मागच्या तारखेची इतिवृत्तं आम्ही लिहून देत नाही, सर्वेक्षणाचे फॉर्म भरून देत नाही, आणि गुण किती मिळतील याचा शब्दही देत नाही. असं कुणी मागितलं की आम्ही चहा पाजतो आणि काम नम्रपणे नाकारतो.

पहिल्या भेटीला सगळं कपाट आणू नका. कोणत्याही एका विषयाची गेल्या वर्षीची कोर्स फाइल, त्याच्या चाचणीच्या सहा उत्तरपत्रिका आणि विभागाच्या बैठकांचं रजिस्टर एवढंच आणा. तीन-चार तासांत त्या एका विषयाची साखळी कुठे तुटते ते कळतं. बाकीच्या विषयांतही ती सहसा तिथेच तुटलेली असते.